जन्मतारीख १ जून, संगणकात ३१ मे! साडेपाच तासांचा हा घोळ नेमका होतो कसा?

मराठवाड्यात १ जून हा दिवस म्हणजे वाढदिवसांचा महापूर. जालना, अंबड, भोकरदन, मंठा, घनसावंगी, कुठल्याही गावातलं शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं तर ही तारीख पुन्हा पुन्हा दिसते. जन्माची नोंद नसलेलं मूल शाळेत आलं की गुरुजी वर्षाचा अंदाज बांधत. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून तारीख १ जून टाकत. त्या एका तारखेवर पुढे नोकरी लागली, पेन्शन ठरली, आधार निघालं.

आता हीच तारीख कागदावरून संगणकात आणि मोबाइल ॲपमध्ये जाते, आणि काही ठिकाणी तिथे ती गुपचूप एक दिवस मागे सरकते. टी.सी.वर १ जून, आधारवर १ जून, पण अर्जाच्या प्रिंटवर ३१ मे. अर्जदार म्हणतो, मी बरोबर भरलं. केंद्रचालक म्हणतो, मीही बरोबरच टाकलं. दोघंही खरं बोलत असतात. चूक सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची असते आणि ती एका वाक्यात सांगता येते : जन्मतारीख ही फक्त तारीख असताना ती ‘तारीख आणि वेळ’ म्हणून साठवली गेली.

घड्याळ मधे येतं कुठून?

जन्मदाखल्यावर दिवस, महिना आणि वर्ष असतं. किती वाजता जन्म झाला, हे त्यावर नसतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नसतं, आधारवरही नसतं. पत्रिका मांडणाऱ्या गुरुजींना वेळ आणि गाव दोन्ही लागतं. सरकारी कामाला दोन्ही लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र बऱ्याचदा तारखेसाठी जे तयार साधन हाताशी असतं, ते तारीख एकटी ठेवतच नाही. जावास्क्रिप्ट या भाषेतलं `Date` त्यातलं सगळ्यात वापरलं जाणारं. बहुतेक वेबसाइट आणि कितीतरी ॲप याच भाषेत चालतात. नाव `Date` असलं, तरी त्याच्या पोटात तारीख नसते. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, एवढा एकच आकडा असतो. म्हणजे तो काळाच्या रेषेवरचा एक क्षण असतो. त्याला नुसती तारीख दिली, तर तो स्वतःच वेळ जोडतो, रात्रीचे बारा.

पण रात्रीचे बारा कुठले? जालन्यातले की लंडनमधल्या ग्रीनिचमधले? सगळा घोळ याच प्रश्नात आहे. भारताची प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. जालन्यात १ जून उजाडायला रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा यूटीसीच्या घड्याळात ३१ मेच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, अंबड तालुक्यातल्या एका मुलीची जन्मतारीख १ जून २०१० आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात दिवस, महिना आणि वर्ष निवडलं. कोड लिहिणाऱ्याने ते तीन आकडे `Date` ला दिले आणि सर्व्हरला पाठवण्यासाठी त्याचा मजकूर बनवला.

```js
const dob = new Date(2010, 5, 1);
dob.toISOString();
// "2010-05-31T18:30:00.000Z"
```

इथे ५ म्हणजे मे नव्हे, जून. या भाषेत महिने शून्यापासून मोजतात. पहिल्या ओळीने भारतातल्या मोबाइलवर १ जूनची मध्यरात्र पकडली. दुसऱ्या ओळीने तोच क्षण यूटीसीच्या घड्याळात सांगितला, ३१ मे, १८:३०. शेवटचं `Z` हे अक्षर यूटीसीची खूण आहे. इथपर्यंत गणित म्हणून काहीच चुकलेलं नाही.

चूक पुढच्या पायरीवर होते. सर्व्हरवरचा प्रोग्राम म्हणतो, मला वेळ नको, फक्त तारीख हवी. मग तो या मजकुरातली पहिली दहा अक्षरं कापून घेतो, `2010-05-31`. मुलीचा जन्म कागदोपत्री एक दिवस आधी झाला. कुठे लाल अक्षरांत सूचना आली नाही, अर्ज अडला नाही, पावतीही निघाली.

याहून वाईट पुढे घडू शकतं. वर्षभराने ती मुलगी मोबाइल नंबर बदलायला तोच अर्ज पुन्हा उघडते. फॉर्ममध्ये आता ३१ मे भरलेलं येतं. ती फक्त नंबर बदलते आणि ‘सेव्ह’ दाबते. ३१ मेची मध्यरात्र पुन्हा यूटीसीमध्ये जाते आणि ३० मे होते. प्रत्येक ‘सेव्ह’ला तारीख एक दिवस घसरते. एकाच माणसाच्या नोंदीत तारीख दोन-तीन दिवसांनी मागे गेलेली दिसली, तर ती टायपिंगची चूक समजू नये. बहुधा ही घसरगुंडी असते.

जालन्यात बरोबर, न्यू जर्सीत चूक

याच चुकीचा दुसरा प्रकार भारतात बसून दिसतच नाही. काही प्रोग्राम `new Date("2010-06-01")` असं लिहितात. असा नुसता तारखेचा मजकूर दिला, की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरते. जालन्यात ती १ जूनची पहाटे साडेपाचची वेळ होते. तारीख बरोबर दिसते, चाचणीही पास होते.

पण याच जिल्ह्यातली मुलगी पुढे शिकायला न्यू जर्सीला गेली आणि तिथून तिने तेच ॲप उघडलं, तर तोच क्षण तिच्या मोबाइलवर ३१ मेची रात्रीची आठची वेळ असतो. ॲप ३१ मे दाखवतं. डेटाबेसमधली नोंद तीच, माणूस तोच, फक्त बघणाऱ्याचं गाव बदललं आणि जन्मतारीख बदलली. जन्मतारखेच्या बाबतीत असं कधीच होता कामा नये. माणूस कुठेही गेला तरी त्याची जन्मतारीख त्याच्याबरोबर तशीच जाते. ती घड्याळासारखी गावागावाला जुळवून घ्यायची गोष्ट नाही.

एका दिवसाने काय बिघडतं?

‘एका दिवसाने काय फरक पडतो’ हा प्रश्न साहजिक आहे. बऱ्याचदा खरंच पडत नाही. फरक पडतो तो नियमांच्या कडेवर, आणि सरकारी नियम तारखांच्या कडांवरच उभे असतात.

निवृत्तीचंच बघा. राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी वयाची ५८ वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो मात्र आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणूनच ३१ मे रोजी राज्यभरात निवृत्तीच्या निरोप समारंभांची गर्दी असते. ते सगळे १ जूनवाले.

आता गंमत अशी, की १ जूनची तारीख घसरून ३१ मे झाली, तरी निवृत्ती ३१ मेलाच येते. चूक लपून राहते. पण २ जून १९७० ची तारीख घसरून १ जून झाली, तर निवृत्ती ३० जून २०२८ ऐवजी ३१ मे २०२८ ला येते. एका दिवसाच्या चुकीने एका महिन्याचा पगार गेला.

भरतीच्या जाहिरातींतही हेच. केंद्राच्या परीक्षांच्या जाहिरातीत ‘उमेदवाराचा जन्म अमुक वर्षाच्या २ जानेवारीपूर्वी झालेला नसावा’ अशा शब्दांत वयाची अट असते. ज्याचा जन्म बरोबर २ जानेवारीचा आहे तो पात्र असतो. संगणकात तो १ जानेवारी झाला, की वय जास्त ठरतं.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. दोन ठिकाणच्या तारखा जुळल्या नाहीत, की अर्जदाराला सांगितलं जातं, ‘आधार दुरुस्त करून आणा.’ म्हणजे बरोबर असलेला कागद चुकीच्या नोंदीशी जुळवायचा. आधारमधली जन्मतारीख बदलण्याची संधी सर्वसाधारणपणे एकदाच मिळते. ती संधी अशी वाया गेली, तर पुढे खरी तारीख सिद्ध करत फिरावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्यानुसार त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा आहे. त्यामुळे दाखल्यावरची तारीख आणि संगणकातली तारीख यांत एका दिवसाचंही अंतर परवडणारं नाही.

साडेपाच तास परत मिळवले तर?

अनेक ठिकाणी यावर एक झटपट इलाज केला जातो. तारीख दाखवताना तिच्यात साडेपाच तास मिळवले जातात. ३१ मे १८:३० चे पुन्हा १ जून ००:०० होतात. वरवर प्रश्न सुटतो.

हा इलाज कुठे तुटतो, हे बघायला १९४३ सालात जावं लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातलं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं. तेव्हाची वेळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. जगभरातले संगणक वेळेच्या इतिहासाचा जो कोश वापरतात, त्यात `Asia/Kolkata` या नावाखाली हा बदल नोंदवलेला आहे. त्यामुळे १ जून १९४३ ची मध्यरात्र संगणक ३१ मे १७:३० अशी साठवतो. तिच्यात साडेपाच तास मिळवले तर ३१ मेचे रात्रीचे अकरा होतात. आजोबांची तारीख चुकलीच.

म्हणजे नातवंडांच्या तारखा सुधारल्या आणि ऐंशी ओलांडलेल्यांच्या बिघडल्या. पेन्शनचा हयातीचा दाखला, ज्येष्ठांचं प्रवास सवलतीचं कार्ड, सगळीकडे हेच आजोबा रांगेत असतात. शिवाय १९४३ मध्ये जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या वेळी गावातल्या चावडीवरचं घड्याळ किती वाजले दाखवत होतं, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. आजोबांची जन्मतारीख सांगायला त्याची गरज का पडावी? ज्या माहितीची गरज नाही ती मधे आणली, म्हणून तिची दुरुस्ती करत बसावं लागतं.

मग साठवायची कशी?

उत्तर सोपं आहे. वर्ष, महिना, दिवस, बस्स. वेळ नको, वेळक्षेत्र नको. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये त्यासाठी `DATE` नावाचा प्रकार आहे. जावा भाषेत २०१४ पासून `LocalDate` आहे. जावास्क्रिप्टच्या नव्या `Temporal` मध्ये याच कामासाठी `PlainDate` दिलेलं आहे. मोंगोडीबीमध्ये नुसत्या तारखेचा प्रकारच नाही. तिथे `2010-06-01` असा दहा अक्षरांचा मजकूर ठेवणं हाच सरळ मार्ग. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की क्रमही नीट लागतो आणि दिवस-महिन्याची अदलाबदलही होत नाही.

पण डेटाबेसमध्ये `DATE` लिहिलं म्हणजे काम झालं, असं नाही. दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये `DATE` या प्रकारात तास, मिनिटं आणि सेकंदही असतात. नाव बघून फसू नये. दोन, डेटाबेसमध्ये तारीख नुसती असली, तरी वाचताना ती पुन्हा ‘क्षण’ होऊ शकते. नोड आणि पोस्टग्रेस जोडणारं `pg` हे प्रचलित साधन `DATE` वाचून त्याचं जावास्क्रिप्टचं `Date` करून देतं. भारतीय वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरने ते तसंच ॲपला पाठवलं, की पुन्हा १८:३० वाला मजकूर तयार. म्हणून फॉर्मपासून डेटाबेसपर्यंत आणि डेटाबेसपासून प्रिंटपर्यंत, सगळ्या वाटेवर तारीख नुसती तारीखच राहिली पाहिजे. ब्राउझरमधलं `<input type="date">` हे खानं `2010-06-01` असाच मजकूर देतं. तो हात न लावता पुढे पाठवला, तरी निम्मं काम होतं.

काही ठिकाणी जन्माची वेळ खरंच लागते. नवजात बाळाला कावीळ-बीची पहिली लस जन्मापासून २४ तासांच्या आत द्यायची असते, तेव्हा रुग्णालयाला वेळ हवीच. अशा ठिकाणी जन्माची वेळ वेगळ्या खान्यात ठेवावी. ती वेळ तारखेला चिकटवली, की तिच्याबरोबर तारीखही हलते.

घोळ झालाय, हे ओळखायचं कसं?

मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या यादीसाठी एक देशी कसोटी आहे. ३१ मे आणि १ जून या दोन तारखांच्या नोंदी मोजा. वयस्कांच्या यादीत १ जूनचा ढीग असायलाच हवा. तो ढीग ३१ मेवर दिसला, तर अख्खी यादी घसरलेली आहे. दोन्हीकडे छोटे-छोटे ढीग दिसले, तर काही नोंदी एका वाटेने बरोबर आल्या आहेत आणि काही दुसऱ्या वाटेने घसरून. इतरत्र हीच कसोटी १ जानेवारी आणि ३१ डिसेंबरवर लावता येते.

दुसरी खूण म्हणजे १८:३०. डेटाबेसमध्ये जन्मतारखेबरोबर वेळ साठवली असेल, तर ही एक विचारणा पुरते.

```sql
SELECT count(*) FROM students
WHERE (dob AT TIME ZONE 'UTC')::time = '18:30';
```

जवळपास सगळ्या मुलांचा जन्म यूटीसीच्या घड्याळाने नेमका साडेसहाला झालेला दिसला, तर तो जन्म नव्हे, भारतातली मध्यरात्र आहे.

दुरुस्ती शक्य आहे का, हे वेळ शिल्लक आहे की नाही यावर ठरतं. १८:३० अजून नोंदीत असेल, तर तो क्षण `Asia/Kolkata` मध्ये बदलून त्यातली तारीख घेतली की मूळ तारीख परत मिळते. हे काम वेळेच्या कोशाकडून करवून घ्यावं, हाताने साडेपाच तास मिळवू नयेत. मग १९४३ वालेही सुटतात. पण वेळ आधीच कापून टाकली असेल, तर संगणकाला ३१ मे खरं की घसरलेलं, हे कळायचा मार्ग नाही. सरसकट सगळ्यांना एक दिवस मिळवला, तर ज्यांचा जन्म खरोखर ३१ मेचा आहे त्यांचा घोळ होतो. तिथे पुन्हा कागदाकडे जाणं भाग आहे, जन्मदाखला, प्रवेश निर्गम उतारा किंवा टी.सी. एकेक नोंद ताडून बघावी लागते. आधी फुकटात झालं असतं ते काम मग माणसं लावून करावं लागतं.

सॉफ्टवेअर ताब्यात घेण्याआधी

नुसती तारीख साठवल्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जून त्यामुळे खरी होत नाही. ज्यांचं फक्त जन्मवर्ष माहीत आहे, त्यांच्या नोंदीत वर्षच ठेवावं. तिथे १ जानेवारी घुसडली, की संगणक ती खरी तारीख समजून वय मोजायला लागतो. संगणकाचं काम एवढंच, की कागदावर जे आहे ते जसंच्या तसं सांभाळायचं. अंदाजाची तारीख असली, तरी ती त्या माणसाच्या प्रत्येक कागदावर एकच आहे, आणि तिचं मोल त्या एकसारखेपणातच आहे.

शाळा, पतसंस्था, नगर परिषद, रुग्णालय यांपैकी कोणीही सॉफ्टवेअर बनवून घेत असेल, तर पैसे देण्याआधी एक छोटी चाचणी मागावी. तीन तारखा भराव्यात : १ जून १९४३, १ जून २०१० आणि १ जानेवारी २००८. प्रत्येक नोंद सेव्ह करावी, पुन्हा उघडावी, मोबाइल नंबर बदलून परत सेव्ह करावी. मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये वेळक्षेत्र न्यूयॉर्कचं करून तीच नोंद बघावी आणि प्रिंट काढावी. तिन्ही तारखा सगळीकडे तशाच दिसल्या तर ठीक. एक जरी हलली, तर सॉफ्टवेअर परत पाठवावं. याला दहा मिनिटं लागतात. तारीख चुकलेल्या माणसाला मात्र ती सुधारून घ्यायला जालना-अंबडच्या चकरा माराव्या लागतात, आणि त्याही मजुरी बुडवून.